सनदेतील स्वातंत्र्य : रनिमीडपासून पुण्यापर्यंत

आमच्या मराठवाड्यात ‘सनद’ हा शब्द अद्यापि घरगुती आहे. कुंभार पिंपळगावासारख्या गावी एखाद्या जुन्या वतनदाराच्या घरी गेले, तर यजमान पत्र्याच्या पेटीतून कापडात गुंडाळलेला एक पिवळा कागद काढून मोठ्या अभिमानाने पुढे धरतो. निजामाच्या राज्यातील जहागिरी १९४९ साली खालसा झाल्या. तेव्हापासून अशा कागदांचा व्यवहारात उपयोग असा उरला नाही. तथापि सनद म्हणजे काय हे सांगताना त्या यजमानास कधी अडखळावे लागत नाही. अमक्या घराण्यास अमक्या गावी अमका हक्क, आणि तो शेजाऱ्यास नाही, एवढा तिचा अर्थ. जो हक्क सर्वांसच आहे त्याची सनद कोण कशाला करून घेईल?

हा रोकडा अर्थ मनाशी ठेवून इंग्लंडच्या इतिहासातील मॅग्ना कार्टा नावाची प्रसिद्ध सनद वाचावयास घेतली, म्हणजे आमच्या पिढीने शाळेत घोकलेल्या पुष्कळ गोष्टी डळमळू लागतात. जॉन नावाचा एक जुलमी राजा होता, प्रजेने त्याच्याकडून स्वातंत्र्याची सनद लिहून घेतली, आणि तेथून लोकसत्तेचा उदय झाला, असे आम्ही परीक्षेत लिहिले. पुढे कित्येक वर्षे वर्गात सांगितलेही. हे सर्वस्वी खोटे नाही. परंतु सनदेत जो मूळ लॅटिन शब्द आहे तो ‘लिबेर्तातेस’, म्हणजे अनेकवचनी आहे. त्या काळी त्याचा अर्थ आमच्या वतनदारास समजतो तोच होता : ज्याला त्याला मिळालेल्या सवलती, मानपान, मोकळिकी. या अनेकवचनाचे एकवचन कसे झाले, म्हणजे काही लोकांच्या सवलतींतून माणसाचे स्वातंत्र्य कसे निघाले, हा खरा इतिहास आहे. आणि त्यातील एक लहानसा, बहुधा विसरलेला अंक पुण्यात घडलेला आहे.

प्रथम मूळ तंटा काय होता ते पाहू. जॉन ११९९ साली गादीवर आला, आणि १२०४ साली त्याच्या हातून नॉर्मंडी गेली. तो प्रांत परत घ्यावयाचा तर फौज हवी, फौजेस पैसा हवा, आणि पैसा काढावयाचा तो सरदारांकडून. इंग्लंडचे हे सरदार, म्हणजे बॅरन, राजाकडून जमीन घेऊन तिच्या मोबदल्यात लढाईस स्वार पुरवीत. आमच्याकडील सरंजामी व्यवस्थेशी परिचय असणारांस हे विस्ताराने सांगावयास नको. ज्याला स्वार पुरवावयाचे नसतील त्याने रोख रक्कम भरावी अशी चाल होती. तिला आपण ढालपट्टी म्हणू. पूर्वीच्या राजांनी ही पट्टी क्वचित् बसविली होती. जॉनने सोळा वर्षांत अकरा वेळा बसविली.

पण सरदारांच्या वर्मी लागला तो वारशाचा नजराणा. बाप मेला म्हणजे मुलाने राजास नजराणा देऊन जमीन आपल्या नावे करून घ्यावयाची. बॅरनच्या जमिनीस शंभर पौंड हा साधारण वाजवी आकडा समजत. मात्र तो कोठे लिहिलेला नव्हता. १२०५ साली निकोलस डी स्टटव्हिल नावाच्या वारसाकडून जॉनने दहा हजार मार्क मागितले. मार्क म्हणजे पौंडाचा दोन-तृतीयांश. तेव्हा ही मागणी साडेसहा हजार पौंडांच्या वर, म्हणजे रिवाजाच्या साठपटीहून अधिक झाली. एवढी रक्कम कोणी देऊ शकत नाही हे राजासही कळत होते. पण रक्कम वसूल व्हावी हा तिचा उद्देशच नव्हता. सरदार जन्मभर कर्जदार राहावा, आणि ज्या दिवशी तो डोईजड होईल त्या दिवशी बाकीच्या निमित्ताने त्याची जमीन जप्त करता यावी, ही त्यातील मेख होती. विल्यम डी ब्राओझ हा एकेकाळी जॉनचा लाडका सरदार. मर्जी फिरताच त्याच्या मागे अशाच बाकीचा ससेमिरा लागला. तो परागंदा झाला, आणि त्याची बायको व थोरला मुलगा १२१० साली राजाच्या कैदेत उपासमारीने मेली. ही गोष्ट देशभर झाली. राजा कठोर आहे याचे त्या काळी कोणास विशेष वाटत नसे. परंतु कोणताही न्यायनिवाडा न करता तो एका मोठ्या घराण्याची अशी वाट लावू शकतो, याची धास्ती सर्व सरदारांनी घेतली.

२७ जुलै १२१४ रोजी बूव्हीनच्या लढाईत जॉनच्या दोस्तांचा फ्रान्सच्या राजाने धुव्वा उडविला, आणि इतक्या वर्षांचा पैसा पाण्यात गेला. पराभूत होऊन आलेल्या राजाने पुन्हा ढालपट्टी मागितली, तेव्हा उत्तरेकडील सरदारांनी ती साफ नाकारली. १२१५ च्या मे महिन्यात त्यांनी राजनिष्ठा सोडल्याचे जाहीर केले, आणि १७ मे रोजी लंडन शहर त्यांच्या हाती आले. राजधानीच गेल्यावर राजास बोलणे लावण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. विंडसर व स्टेन्स यांच्या दरम्यान थेम्स नदीकाठी रनिमीड नावाचे कुरण आहे. तेथे दोन्ही पक्ष जमले, कँटरबरीचा धर्माध्यक्ष स्टीफन लँग्टन याने मध्यस्थी केली, आणि १५ जून १२१५ ही तारीख घातलेली सनद तयार झाली. चित्रांतून जॉन हातात लेखणी घेऊन सही करताना दाखवितात, ते चित्रकाराच्या पदरचे आहे. राजे सही करीत नसत. मेणाची मोहर लावीत.

सनद मेंढीच्या कातड्यावर, बारीक लॅटिन अक्षरांत, एकटाकी लिहिलेली आहे. कलमांचे आकडे मुळात नाहीत. ते त्रेसष्ट आकडे अठराव्या शतकात ब्लॅकस्टन नावाच्या विधिपंडिताने घातले. तिच्या चार प्रती आज शिल्लक आहेत, त्यांतील दोन ब्रिटिश लायब्ररीत. स्वातंत्र्याची गीता म्हणून जो ती उघडील त्याचा पहिल्या पानातच हिरमोड होईल. वारशाचा नजराणा शंभर पौंडांवर जाऊ नये. अज्ञान वारसाच्या पालकाने त्याची इस्टेट नासू नये. विधवेस तिच्या इच्छेविरुद्ध पुनर्विवाह करावयास लावू नये. थेम्स नदीतील मासे धरण्याचे बांध काढून टाकावे. कापड, धान्य व दारू यांची मापे राज्यभर एक असावी. असा हा सगळा हिशेबी मजकूर आहे. आम्हास तर तो वाचताना पेशवे दप्तरातील एखाद्या कलमबंदीची आठवण होते. ज्यांनी ती लिहून घेतली त्यांना नक्की काय दुखत होते ते कलमाकलमागणिक दिसते, आणि हाच तिच्या खरेपणाचा पुरावा.

तथापि त्या वेळी सर्वांत जहाल कलम कोणते, असे विचारले तर आज ज्याचा कोणी उच्चारही करीत नाही ते एकसष्टावे. सरदारांनी आपल्यांतून पंचवीस जण निवडावे. राजाने किंवा त्याच्या कामगारांनी सनद मोडली तर त्यांतील चौघांनी तक्रार मांडावी. चाळीस दिवसांत दाद न लागली तर पंचविसांनी राजाचे किल्ले व जमिनी जप्त कराव्या, मात्र राजा, राणी व मुले यांच्या अंगास हात लावू नये, असे त्यात आहे. नारायणरावाच्या खुनानंतर पुण्यात जमलेल्या बारभाईंची येथे मराठी वाचकास आठवण होणे साहजिक आहे. पण बारभाईंच्या हाती बाळ पेशव्याच्या नावाने चालणारा कारभार तरी होता. या पंचविसांच्या हाती एका धडधाकट आणि संतापलेल्या राजाविरुद्ध लढाई करण्याचा केवळ लेखी परवाना होता. लिहून दिलेली मर्यादा राजाने पाळली नाही तर काय, या प्रश्नास त्यांना युद्धाखेरीज दुसरे उत्तर सुचले नाही. आणि झालेही तसेच. २४ ऑगस्ट रोजी पोप तिसरा इनोसंट याने ही सनद जबरदस्तीने घेतली म्हणून रद्द ठरविली, आणि यादवी पेटली. दहा-अकरा आठवड्यांतच सनद मेली, असे म्हणावयास हरकत नाही.

ती पुन्हा जिवंत झाली ती जॉनच्या मरणाने. ऑक्टोबर १२१६ मध्ये तो मेला; मागे नऊ वर्षांचा मुलगा, तिसरा हेन्री. बाळराजाच्या कारभाऱ्यांनी विचार केला की बंडखोर ज्यासाठी लढत आहेत तेच आपण राजाच्या नावे देऊन टाकावे. त्यांनी नोव्हेंबरात सनद पुन्हा जाहीर केली. मात्र पंचविसांचे कलम, पट्टीस राज्याची संमती लागेल हे कलम, आणि इतरही काही कलमे वगळली. म्हणजे जी वस्तू शत्रूने गळा धरून घेतली होती तीच आता राजाची देणगी झाली. १२१७ साली जंगलांविषयी एक वेगळी, लहान सनद निघाली. तिच्यापासून ओळखता यावी म्हणून हिला ‘मोठी सनद’, मॅग्ना कार्टा, म्हणू लागले. हे नाव तिच्या थोरवीवरून पडलेले नसून लांबीवरून पडलेले आहे. १२२५ साली हेन्रीने तिची शेवटची सुधारलेली आवृत्ती काढली, आणि त्याबदल्यात प्रजेकडून जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर म्हणून घेतला. पुढे कायद्याच्या पुस्तकात शिरली ती हीच आवृत्ती, रनिमीडची नव्हे.

आता त्या एका कलमाकडे वळू, ज्याच्यामुळे हे सारे आजही वाचावेसे वाटते. १२१५ च्या सनदेत ते एकोणचाळिसावे. १२२५ च्या आवृत्तीत एकोणतिसावे. कोणत्याही स्वतंत्र मनुष्यास त्याच्या बरोबरीच्यांच्या न्याय्य निवाड्यावाचून, अथवा देशाच्या कायद्यावाचून, पकडू नये, कैद करू नये, त्याची मालमत्ता हिरावू नये, त्यास देशोधडीस लावू नये, असा त्याचा आशय आहे. हे वाचताना डी ब्राओझचे नाव डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे त्याची मूळ धार कळते. ‘स्वतंत्र मनुष्य’ म्हणजे कोण? शेतकऱ्यांचा फार मोठा भाग त्या काळी मालकाच्या जमिनीस बांधलेल्या कुळांचा होता. ते स्वतंत्र नव्हेत, त्यांचा येथे संबंध नाही. ‘बरोबरीचे’ म्हणजे कोण? बॅरनचा न्याय बॅरननी करावा, राजाच्या हलक्या कुळातील कारकुनांनी करू नये, हा त्याचा रोख. यालाच पुढे ज्यूरीचा हक्क म्हणू लागले. परंतु फौजदारी खटल्यात ज्यूरीने गुन्ह्याचा निवाडा द्यावा ही पद्धत त्या जून महिन्यात इंग्लंडात रूढच नव्हती. तप्त लोह व पाणी यांची दिव्ये तेव्हा चालू होती, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रोमच्या धर्मसभेने पाद्र्यांना दिव्यांत भाग घेण्याची मनाई केल्यावर ज्यूरीस वाट मिळाली.

मग हे कलम रुंद झाले कसे? पहिली पायरी १३५४ सालची. तिसऱ्या एडवर्डच्या पार्लमेंटने तेच कलम पुन्हा सांगताना ‘स्वतंत्र मनुष्य’ हे शब्द गाळून, कोणत्याही स्थितीचा वा दर्जाचा मनुष्य, असे घातले. आणि ‘देशाचा कायदा’ याच्या जागी ‘कायद्याची योग्य कारवाई’ असे शब्द योजले. वर्णभेदाचे कुंपण एका वाक्यात पडले, आणि त्याचा गाजावाजा कोणी केला नाही. पुढे दोन शतके सनद वकिलांच्या दप्तरांत पडून राहिली. शेक्सपिअरने जॉन राजावर सबंध नाटक लिहिले, त्यात सनदेचा उल्लेखही नाही. ज्याला आपण राष्ट्राची स्मृती म्हणतो ती किती लहरी असते पाहा.

ती स्मृती जागी केली सर एडवर्ड कोक याने. हा मोठा विलक्षण पुरुष. तरुणपणी सरकारी वकील म्हणून त्याने राजसत्तेची बाजू निष्ठुरपणे लढविली. न्यायाधीश झाल्यावर त्याच राजसत्तेस कायद्याची वेसण घालावयास निघाला. १६१६ साली पहिल्या जेम्सने त्यास बडतर्फ केले, तेव्हा तो म्हातारपणी पार्लमेंटात येऊन बसला. १६२७ साली पहिल्या चार्ल्सने सक्तीचे कर्ज मागितले. ज्यांनी नकार दिला त्यांतील पाच सरदारपुत्रांनी कैदेतून हेबियस कॉर्पसचा हुकूम मागितला. हेबियस कॉर्पस म्हणजे कैद्याचा देह कोर्टापुढे आणून, त्यास कोणत्या कारणासाठी धरले ते सांगा, असा तुरुंगाधिकाऱ्यास हुकूम. तुरुंगाधिकाऱ्याने उत्तर दिले, राजाच्या खास आज्ञेवरून. एवढेच, गुन्ह्याचे नावही नाही. न्यायाधीशांनी कैद्यांस जामीन दिला नाही. दुसऱ्या वर्षी पार्लमेंटने हक्कांचा अर्ज राजापुढे ठेवला. त्यात एकोणतिसाव्या कलमाचा आणि १३५४ च्या कायद्याचा आधार घेऊन कारण दाखविल्यावाचून कैद बेकायदा आहे असे मांडले. त्यामागे शहात्तर वर्षांच्या कोकचे डोके होते.

कोकने सनदेवर जी टीका लिहिली ती राजाने त्याच्या मृत्यूच्या वेळी कागदपत्रांसह जप्त केली. पार्लमेंटने १६४२ साली ती छापविली. तिच्यात ‘लिबेर्तातेस’चा अर्थ इंग्लंडच्या प्रजाजनांची स्वातंत्र्ये असा केला आहे, ‘देशाचा कायदा’ म्हणजेच ‘कायद्याची योग्य कारवाई’ असे समीकरण मांडले आहे, आणि हेबियस कॉर्पस हा त्याच कलमाचा पहारेकरी ठरविला आहे. इतिहास म्हणून यातील बरेच चूक आहे. हेबियस कॉर्पस सनदेतून निघालेला नाही. तो राजाच्याच अधिकाराचा हुकूम : माझ्या राज्यात माझा प्रजाजन कोणी कोंडला आहे, आणि का, हे विचारण्याचा राजाचा हक्क. राजाच्या न्यायाधीशांनी तो प्रथम वापरला तो दुसऱ्या कोर्टांवर आपला वरचष्मा राखावयास. कोकने हे हत्यार उलटे धरून धन्यावरच चालविले. १९०४ साली एडवर्ड जेंक्स या इंग्रज पंडिताने मॅग्ना कार्टा ही एक दंतकथा आहे असा निबंध लिहून कोकच्या या कारागिरीची झडती घेतली. पण जेंक्सची झडती मान्य करूनही आम्ही कोकला खोटारडा म्हणणार नाही. आमचे धर्मशास्त्राचे टीकाकार जुन्या स्मृतिवचनात नवा आचार बसवीत, तेव्हा तेही हेच करीत होते. वचन जुने, प्रश्न नवा. आणि कायद्याच्या प्रांतात नवे सांगावयाचे असले तरी ते जुन्याच्या तोंडून वदवावे लागते.

आता पुण्यास येऊ. पेशवाई १८१८ साली बुडाली. एल्फिन्स्टनने दक्षिणेतील जुन्या सरदारांचा मान राखावा असे धोरण ठेवले. त्यांचे तीन वर्ग केले, आणि त्यांच्यावरील दावे साध्या अदालतीत न चालविता सरदारांच्या एजंटापुढे चालावे अशी सोय केली. इकडे मुंबईत १८२३ च्या राजपत्रान्वये सुप्रीम कोर्ट स्थापन झाले. त्याचे न्यायाधीश कंपनीचे नोकर नव्हेत. ते विलायतच्या राजाचे. लंडनच्या किंग्ज बेंच कोर्टाचे अधिकार आपल्यास आहेत असे ते मानीत, आणि कंपनीच्या गव्हर्नरास हे खपत नसे. १८२८ साली या दोन सत्तांची गाठ पडली, ती मोरो रघुनाथ नावाच्या एका चौदा वर्षांच्या मुलावरून.

हा मुलगा पुण्यात आपला चुलत आजा पांडुरंग रामचंद्र याच्या घरी होता. पांडुरंग रामचंद्र पहिल्या वर्गाच्या सरदारांत मोडणारा, पदच्युत पेशव्यांशी नाते असलेला. मुलास तेथे अडकवून ठेविले आहे, असा अर्ज मुंबईस गेला, आणि सुप्रीम कोर्टाने हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला : मुलास मुंबईत कोर्टापुढे हजर करा. त्याच सुमारास ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश नावाच्या कैद्याविषयीही असाच तंटा चालू होता. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने ३ ऑक्टोबर १८२८ रोजी न्यायाधीशांस कळविले की हे हुकूम मुलखात बजावू दिले जाणार नाहीत. योगायोग असा की मुख्य न्यायाधीश वेस्ट ऑगस्टमध्ये आणि चेंबर्स ऑक्टोबरात मरण पावले. कोर्टात एकटे सर जॉन पीटर ग्रँट उरले. ग्रँट मागे हटले नाहीत. हुकूम पाळला जात नाही आणि सरकार मदत करीत नाही, तेव्हा १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी कोर्टच बंद केले. विलायतेत हिंदुस्थानचा कारभार पाहणारे लॉर्ड एलेनबरो यांनी माल्कमला खासगी पत्रात धीर दिला : नवे दोन न्यायाधीश येत आहेत, त्या दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये हा रानहत्ती चालू लागेल. हे पत्र फुटले आणि बराच गवगवा झाला.

या तंट्यात कोणाची बाजू खरी, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. माल्कमचे म्हणणे असे की मुलूख नुकताच हाती आला आहे. ज्या सरदारास त्याच्या वाड्यात साध्या अदालतीचा प्यादाही त्रास देणार नाही असे वचन दिले, त्याच्या घरातील मूल परक्या कोर्टाने परक्या भाषेतील कागदावर ओढून नेले तर त्या वचनाची किंमत काय? हे म्हणणे पोकळ नव्हते. पण ते कोणत्या जातीचे आहे पाहा. ते रनिमीडच्या बॅरनचे म्हणणे आहे : माझा मान, माझी सवलत, माझ्या दाराशी राजाचे कारकून नकोत. आणि ग्रँट म्हणतात ते कोकचे : माणूस कोणाच्याही घरात असो, त्याला का कोंडले हे राजाचे कोर्ट विचारील. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीच्या एकाच शब्दाचे दोन अर्थ, अनेकवचनी आणि एकवचनी, पुण्याच्या एका वाड्याच्या दारात एकमेकांसमोर उभे राहिले. वाड्याच्या आत एक अज्ञान मुलगा होता, आणि त्याला काय हवे होते हे त्याच्या तोंडून ऐकण्यासाठीच तर तो हुकूम होता.

त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला. मुंबई बेटाच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या आणि त्या कोर्टाच्या हुकमतीखाली नसलेल्या एतद्देशीयावर असा हुकूम काढण्याचा सुप्रीम कोर्टास अधिकार नाही, आणि मुलखातील अदालतीच्या तुरुंगाधिकाऱ्यावरही नाही. मोरो रघुनाथ कोर्टापुढे आला नाही. कोकने सर्व प्रजाजनांसाठी रुंद केलेले कलम माहीमच्या खाडीशी येऊन थांबले.

पुण्यातील सरदारांना या निकालाने आपला मान राहिला असे त्या दिवशी वाटले असल्यास नवल नाही. परंतु वाड्याच्या दाराशी थांबलेला हुकूम पुढे केव्हा उपयोगी पडला असता, हे कळावयास सत्तर वर्षेही लागली नाहीत. १८२७ साली, म्हणजे या खटल्याच्या आदल्याच वर्षी, मुंबई सरकारने पंचविसावे रेग्युलेशन केले होते. त्याअन्वये राज्याच्या हितासाठी कोणासही खटल्यावाचून अटकेत ठेविता येत असे. जुलै १८९७ मध्ये, पुण्यात रँडचा खून झाल्यानंतर, सरकारने याच रेग्युलेशनखाली नातू बंधूंस, बाळासाहेब व तात्यासाहेब यांस, धरले. हे दोघेही सरदार. त्यांच्यावर आरोप ठेवला नाही, खटला चालविला नाही. १८९९ साली सुटका होईपर्यंत ते अटकेत राहिले. कारण विचारले असता जे उत्तर मिळे, ते १६२७ साली त्या पाच कैद्यांच्या तुरुंगाधिकाऱ्याने दिलेल्या उत्तराहून अर्थाने वेगळे नव्हते. सरदारी सवलतीने साध्या अदालतीपासून बचाव होतो, सरकारपासून नव्हे. आणि ज्या हुकुमाने सरकारला जाब विचारावयाचा त्याचे दात १८२९ सालीच उपटलेले होते.

घटना समितीत जेव्हा हे कलम आले, तेव्हा त्याच्या शब्दांवरच वाद पेटला. मसुद्यात आधी १३५४ सालचे, ‘कायद्याची योग्य कारवाई’ या अर्थाचे शब्द होते. अमेरिकेने ते आपल्या घटनेत घेतलेले, आणि तेथील न्यायाधीशांनी त्यांच्या जोरावर कामगारहिताचे कायदे पाडलेले. ही भीती मनात धरून मसुदा समितीने त्याऐवजी ‘कायद्याने ठरविलेली कार्यपद्धती’ असे शब्द घातले. म्हणजे विधिमंडळाने जी रीत ठरवावी तीच योग्य. डिसेंबर १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वादास उत्तर देताना आपला कौल कोणत्याच बाजूस दिला नाही. विधिमंडळात पक्षाचे बहुमत मूलभूत हक्क पायाखाली घालील ही भीती त्यांना दिसत होती, आणि पाच-सहा न्यायाधीशांनी आपल्या मर्जीने लोकनियुक्त विधिमंडळाचे कायदे मोडावे हेही त्यांना रुचत नव्हते. कोणता धोका पत्करावा याचा निर्णय त्यांनी सभागृहावर सोपविला. सभागृहाने मसुद्यातील शब्द ठेवले. वाणीत एवढी धार असलेल्या पुरुषाने इतक्या मोकळेपणी संशय बोलून दाखविला, हे आम्हास त्या चर्चेतील सर्वांत मोलाचे वाटते.

संशय मात्र त्यांच्या मनातून गेला नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी स्वतःच एक नवे कलम आणले, आणि आधीच्या कलमात जे सुटले त्याची ही भरपाई आहे असे सांगितले. अटक केलेल्यास कारण कळवावे, वकील द्यावा, आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, हे आजच्या घटनेतील बाविसावे कलम. त्याच कलमाच्या उत्तरार्धात, खटल्यावाचून प्रतिबंधक स्थानबद्धता करण्याची मुभाही आहे. एका बाजूस कोक आणि दुसऱ्या बाजूस पंचविसावे रेग्युलेशन, दोघेही एकाच कलमात नांदतात. १९५० साली गोपालन यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ‘कार्यपद्धती’चा अर्थ शब्दशः घेतला : विधिमंडळाने ठरविली ती पद्धती. १९७६ साली आणीबाणीत बहुमताने असेही ठरले की अशा काळात स्थानबद्धास हेबियस कॉर्पस मागताच येत नाही; न्यायमूर्ती खन्ना एकटे विरुद्ध गेले. दोनच वर्षांनी, मनेका गांधी यांच्या खटल्यात, त्याच कोर्टाने सांगितले की कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे. मसुदा समितीने जे शब्द काढून टाकले होते त्यांचा अर्थ न्यायाधीशांनी उरलेल्या शब्दांत परत बसविला. घटनेचा मजकूर एका अक्षराने बदलला नव्हता.